शोषलेली प्रथिने आणि स्नायूंनी वापरलेली प्रथिने : दोन जेवणांच्या दिनक्रमातला घोटाळा

इंटरमिटंट फास्टिंग करणाऱ्यांपैकी अनेकजण दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खातात आणि त्या आठ तासांत बहुधा दोनच जेवणे करतात. त्यांच्या कानावर कधी ना कधी एक वाक्य पडतेच : ‘एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने शरीराला लागत नाहीत, बाकीची वाया जातात.’ या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. आतड्यातून रक्तात किती प्रथिने जातात ही एक गोष्ट, आणि रक्तात आलेल्या अमिनो आम्लांपैकी किती स्नायूंच्या बांधणीला लागतात ही दुसरी. दोन जेवणांत प्रथिनांची वाटणी कशी करावी, याचे उत्तर या दोहोंतला फरक नीट कळल्याशिवाय मिळत नाही.

आधी शोषणाकडे पाहू. जठरातील आम्ल आणि पेप्सिन प्रथिनांचे विघटन सुरू करतात, स्वादुपिंडाचे पाचक रस ते काम पुढे नेतात आणि लहान आतडे अमिनो आम्ले व त्यांच्या दोन-तीन कड्यांच्या लहान साखळ्या आत ओढून घेते. जेवण मोठे असले म्हणून आतडे ‘पुरे’ म्हणत नाही. जठर ते अन्न धरून ठेवते आणि थोडे थोडे पुढे सोडते, त्यामुळे शोषणाला वेळ जास्त लागतो, पण निरोगी माणसात खाल्लेल्या प्रथिनांपैकी बहुतांश भाग शेवटी शोषला जातोच. ६० ग्रॅम प्रथिनांचे जेवण दोन तासांत संपत नाही, ते कित्येक तास रक्ताला अमिनो आम्ले पुरवत राहते. ज्याला पुढे सोळा तास उपाशी राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा संथपणा सोयीचाच आहे.

आता वापर. रक्तातील अमिनो आम्लांची, विशेषतः ल्युसिनची पातळी वाढली की स्नायूंमध्ये नवी प्रथिने तयार होण्याचा वेग वाढतो. हा वेग किती प्रथिनांपर्यंत वाढतो, हे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली तपासले. तरुण पुरुषांना पायांचा व्यायाम करायला लावून नंतर अंड्याची प्रथिने वेगवेगळ्या प्रमाणात दिली, तेव्हा २० ग्रॅमच्या आसपास वेग जवळजवळ शिखरावर पोहोचला आणि ४० ग्रॅम दिल्यावर जादा अमिनो आम्लांचे ज्वलन वाढले. २०-३० ग्रॅमचा लोकप्रिय आकडा अशाच प्रयोगांतून आलेला आहे. पण मोजमाप व्यायामानंतरच्या मोजक्या तासांपुरतेच होते, प्रथिने पटकन पचणारी होती आणि व्यायाम फक्त पायांचा होता. हा आकडा स्नायूंच्या त्या वेळच्या वेगाचा आहे. शोषणाची मर्यादा म्हणून तो सांगणे सरळसरळ चूक आहे.

पुढच्या प्रयोगांनी तो आकडाही सैल केला. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात पूर्ण शरीराच्या व्यायामानंतर ४० ग्रॅम व्हे प्रथिनांचा परिणाम २० ग्रॅमपेक्षा सुमारे २० टक्के जास्त आढळला. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे व्यायामानंतर २५ आणि १०० ग्रॅम दुधाची प्रथिने देऊन बारा तास मोजमाप केले गेले. १०० ग्रॅमचा परिणाम अधिक मोठा होता आणि अधिक काळ टिकला, आणि जादा प्रथिनांपैकी फारच थोडी जळून गेली. अर्थात ही माणसे तरुण, निरोगी आणि नुकताच व्यायाम केलेली होती. सगळ्यांनी एकाच जेवणात सगळी प्रथिने घ्यावीत, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

प्रत्यक्ष नुकसान कसे होते, ते एका उदाहरणातून पाहू. ७० किलो वजनाची, नियमित वजने उचलणारी व्यक्ती घ्या. अशा व्यायामातून स्नायूंना मिळणारा फायदा दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत वाढत जातो, म्हणजे तिचे दिवसाचे लक्ष्य ११२ ग्रॅम. ‘एका वेळी ३० ग्रॅमच’ हे तिने खरे मानले, तर दोन जेवणांत ती ६० ग्रॅमवर थांबेल. हे दर किलोमागे ०.८६ ग्रॅम झाले, म्हणजे व्यायाम न करणाऱ्या प्रौढासाठी सांगितलेल्या ०.८ ग्रॅमच्या किमान प्रमाणाहून जेमतेम वर. वजन घटवण्यासाठी ती एकूण खाणेही कमी करत असेल, तर चरबीबरोबर स्नायूही झडतील, आणि ते घडेल ‘वाया जाऊ नये’ या काळजीपोटी. म्हणूनच हा गैरसमज मला निरुपद्रवी वाटत नाही.

तिने दुपारी साडेबाराला आणि रात्री साडेसातला जेवायचे आणि दोन्ही वेळी साधारण ५६ ग्रॅम प्रथिने घ्यायची, असे धरू. दुपारी तीन अंडी (१८ ग्रॅम), २०० ग्रॅम शिजवलेली डाळ (सुमारे १८), पाव किलो दही (९ ते १०) आणि सोबतचे धान्य (८ ते १०) एवढ्यात हिशेब जमतो. रात्री १५० ग्रॅम शिजवलेल्या चिकनचे ४५ ग्रॅम आणि उरलेले दूध व धान्यातून. येथे हमखास होणारी चूक म्हणजे कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाची गल्लत. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, पण शिजल्यावर पाणी शोषल्याने त्याच वजनात ९ उरतात. चिकनचे उलट होते : शिजताना पाणी निघून जाते, त्यामुळे १५० ग्रॅम कच्च्या तुकड्यात ४५ नव्हे, ३३-३५ ग्रॅमच मिळतात. वजन ज्या अवस्थेत केले त्याच अवस्थेचा आकडा धरला नाही, तर कागदावर ११२ आणि पोटात ८५ असे सहज होते. केवळ डाळी-कडधान्यांवर ५६ ग्रॅम गाठायला ताट फार मोठे होते, तेव्हा टोफू, सोयाबीन किंवा प्रथिनांची पावडर यांची मदत घ्यावी लागते.

मग शोषणाची अडचण नसेल, तर समान वाटणीचा आग्रह कशासाठी? एक तर स्नायूंची बांधणी दिवसातून दोनदा चांगली चेतवली जाते. तरुणांना एका वेळी दर किलोमागे साधारण पाव ग्रॅम आणि वयस्कांना सुमारे ०.४ ग्रॅम प्रथिने त्यासाठी लागतात. ७० किलोच्या वयस्क व्यक्तीने दुपारी १५ ग्रॅमवर भागवले, तर ती २८ ग्रॅमच्या उंबरठ्याच्या बरीच खाली राहते आणि ते जेवण स्नायूंच्या दृष्टीने जवळजवळ निष्प्रभ ठरते. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. उपास हलक्या खाण्याने सोडला की रात्रीसाठी ९०-९५ ग्रॅम उरतात, तेवढे खाताना पोट तट्ट फुगते, झोप बिघडते आणि बहुतेक वेळा ताटातला शेवटचा भाग तसाच राहतो. तरीही वाटणी तंतोतंत निम्मी हवी असे नाही. ४५ आणि ६७ चालतील, व्यायाम संध्याकाळी असेल तर मोठा वाटा रात्री ठेवणे सोयीचे पडते, आणि दिवसाची बेरीज वाटणीपेक्षा नेहमीच वजनदार ठरते.

बेत चुकत असल्याची खूण पोटाच्या तक्रारींपेक्षा व्यायामात आधी दिसते : वजन घटते आहे, पण चार-सहा आठवड्यांत उचलण्याचे आकडेही सतत खाली येत आहेत. अशा वेळी जेवणांची संख्या बदलण्याआधी तीन दिवस सगळे तोलून दिवसाची बेरीज तपासावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी मात्र वरचे आकडे नाहीत, कारण प्रथिनांतला जादा नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकण्याचे काम त्याच अवयवाचे आहे. त्यांचे दिवसाचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.