निम्मे डास मारून डेंग्यू थांबेल का?

“आर-नॉट म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा. डेंग्यूचा २ असेल, तर निम्मे डास मारले की साथ संपली ना?” (कोथरूडच्या एका सोसायटीच्या बैठकीतून)

नाही. डेंग्यू माणसाकडून थेट माणसाला होत नाही, मध्ये एडिस डास असतो. समजा, एका रुग्णामुळे ८ डास बाधित होतात आणि एका बाधित डासामुळे सरासरी ०.५ माणूस. (आकडे फक्त उदाहरणासाठी.) ‘पुढच्या पिढीची सारणी’ अशी होते:

```
K = [ 0   0.5 ]
    [ 8   0   ]
```

पहिला स्तंभ माणसाने केलेल्या लागणीचा, दुसरा डासाने केलेल्या. ८ आणि ०.५ ची साधी सरासरी ४.२५ येते, पण तिला इथे काही अर्थ नाही. एका रुग्णापासून मोजा: ८ डास, मग ४ माणसं, मग ३२ डास, मग १६ माणसं. एकेका टप्प्याला उडी कधी ८ पट, कधी निम्मी, पण दोन टप्प्यांत नेमकी ४ पट. म्हणजे दर टप्प्याला २ पट. सारणीचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य हेच, √(८ × ०.५) = २. डीकमन, हेस्टरबीक आणि मेट्स यांनी १९९० मध्ये आर-नॉटची व्याख्या अशीच केली.

आता कुंड्यांच्या ताटल्या, पिंपं रिकामी करून डास निम्मे केले, तर ८ चे ४ होतात. ०.५ तसंच राहतं, कारण उरलेला प्रत्येक डास पूर्वीइतकाच चावतो. मूल्य √२, सुमारे १.४. साथ वाढतच राहते! ते १ च्या खाली न्यायला डास ७५ टक्क्यांहून जास्त घटवावे लागतील.

काही अभ्यासक वर्गमूळ न काढता ४ हाच आर-नॉट सांगतात. त्यामुळे आकडा वाचताना तो एका टप्प्याचा की माणूस ते माणूस अशा पूर्ण फेरीचा, हे आधी पाहावं.