पार्श्वभूमी : जुन्या चित्रणातून माणूस पुसताना

फोटोंतून माणसं गायब करण्याचा सोव्हिएत इतिहास आपल्या क्लबात सगळ्यांना पाठ आहे. तो सोडून थेट चालत्या चित्राकडे येतो. तिथे हे काम बराच काळ कात्रीचंच होतं. नकोसा माणूस दिसला की ते दृश्यच उडवायचं. फक्त त्याला उचलणं फार किचकट. १९३७ सालच्या एका सोव्हिएत कथापटातून, स्टालिनच्या मृत्यूनंतर वारं फिरल्यावर, त्याला वगळायचं ठरलं. तेव्हा काही जागी त्याच्यापुढे दुसरी पात्रं आणून त्याला झाकावं लागलं.

डिसेंबर २०१३ मध्ये उत्तर कोरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने ऑक्टोबरमध्ये दाखवलेला माहितीपट पुन्हा लावला. सर्वोच्च नेत्याच्या आत्याचे यजमान त्यात नव्हते. कुठे चौकट आवळली होती, कुठे दृश्यच बदललं होतं. काही दिवसांतच त्यांना मृत्युदंड दिल्याचं जाहीर झालं. चोरी पकडली गेली ती ऑक्टोबरचं ध्वनिचित्रमुद्रण शेजारी ठेवून पाहिल्यामुळे.

आज माणूस काढून त्यामागची भिंत भरता येते. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्यात २४०. तो सरकला की उघडी पडणारी भिंत पुढच्या-मागच्या चौकटींतून घ्यायची आणि त्याच्या जागी बसवायची. तो हललाच नाही, तर भिंत कल्पनेनेच रचावी लागते. फसगत कळते ती फिल्मच्या दाण्यावरून, कारण बाकीचं चित्र सळसळत असताना भरलेला तुकडा स्तब्ध राहतो. सावली, काचेतलं प्रतिबिंब, रिकाम्या जागेकडे बघून हसणारा शेजारी, हेही विसरले जातात.

खरा वाद मात्र वेगळ्याच निर्णयावर आहे. मूळ प्रत जपून ठेवायची आणि लोकांना दाखवायच्या प्रतीतून माणूस काढायचा, हे चालेल का? संग्रहपालांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा भर मूळ साहित्यात ढवळाढवळ न करण्यावर आहे. २०१४ च्या युरोपीय निकालाने माणसाला स्वतःच्या नावाच्या इंटरनेटवरच्या शोधातून काही दुवे हटवून घ्यायचा हक्क दिला, पण त्या दुव्यांमागचा मजकूर जागेवरच राहिला. या दोहोंचा आधार घेऊन बरेच जण म्हणतात, मूळ शाबूत आहे ना, मग हरकत काय?

मला हे पटत नाही. पोलिसांच्या लाठीखाली सापडलेल्या, किंवा वेड्यांच्या इस्पितळात संमतीविना चित्रित झालेल्या माणसाने चेहरा लपवा म्हटलं, तर तो जरूर धूसर करावा. धूसर चेहरा निदान सांगतो की इथे कुणीतरी होतं. भरलेली भिंत सांगते की कुणीच नव्हतं. शिवाय पुढचा माहितीपटकार तिजोरीतल्या मूळ प्रतीपर्यंत जातोच कुठे? तो दाखवायची प्रत उचलतो, त्याच्याकडून तिसरा उचलतो, आणि बदलाची नोंद पहिल्याच फाइलसोबत मागे पडते. म्हणून ती नोंद वेगळ्या कागदावर नको. त्या दृश्यावरच, चित्राच्या आत, अक्षरांत हवी.