पार्श्वभूमी : ठिबकचं अनुदान ‘वितरित’ झालं, उरलेले पंचवीस हजार कुठे अडकले?

जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याने तक्रार निवारण प्राधिकरणाला दीड पानाचं पत्र लिहिलं आहे. ठिबकच्या अनुदानाचा एक भाग मिळाला, दुसरा चौदा महिने झाले तरी आलेला नाही, आणि का आला नाही हे कोणी सांगत नाही. पैसे द्या, ही मागणी पत्रात शेवटी येते. त्याआधी तो विचारतो की प्रकरण आज नेमकं कुणाच्या टेबलावर आहे. हा प्रश्न का पडावा, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

तगाईच्या काळात फार रेंगाळण्याचं कारण नाही. सरकार शेतकऱ्याला देई ते कर्ज होतं, अनुदान नव्हे, आणि मिळालं नाही तर कुठल्या दारात उभं राहायचं हे गावाला ठाऊक होतं. ठिबकवर राज्याचं अनुदान १९८६ च्या सुमारास सुरू झालं. केंद्राची सूक्ष्म सिंचनाची योजना २००६ मध्ये आली आणि २०१५ मध्ये ती ‘प्रति थेंब अधिक पीक’ या नावाखाली गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतर मराठवाड्यात ठिबक घ्या म्हणून शेतकऱ्याला समजवावं लागलं नाही.

बदललं ते पैसे देण्याचं गणित. जुन्या पद्धतीत पुष्कळ ठिकाणी शेतकरी फक्त आपला हिस्सा भरायचा आणि अनुदान संच पुरवणाऱ्याकडे जायचं. त्यात खोट्या बिलांचे प्रकार होत, हे खरंच. पण सरकारचे पैसे उशिरा आले तर कळ विक्रेत्याला सोसावी लागे. पुढे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्यायचं ठरलं. बिल त्याने आधी भरायचं, मग सरकारने परतफेड करायची. गैरव्यवहाराला आळा बसला असेल, पण वाट पाहण्याचा खर्च विक्रेत्याकडून शेतकऱ्याकडे आला. त्याची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही.

सगळा घोळ ‘अनुदान’ या एका शब्दात आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के अनुदान, इतरांना ७५ टक्के, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात हे दोन वेगळे पैसे आहेत. अल्पभूधारकाचे ५५ टक्के केंद्राच्या योजनेतून येतात आणि त्यात केंद्र-राज्याचा वाटा ६०:४० असतो. वरचे २५ टक्के म्हणजे राज्याचं पूरक अनुदान, ‘मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने’तून. इतर शेतकऱ्यांसाठी हेच आकडे ४५ आणि ३० होतात. अर्ज, मोजणी आणि बिल एकच असतं. पण दोन्ही रकमांचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, वेगळं, त्यामुळे तरतूद वेगळी आणि पैसे सुटण्याची तारीखही वेगळी.

पत्रातल्या शेतकऱ्याची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे. संचाचं बिल एक लाख अठरा हजारांचं झालं. अनुदान बिलावर मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या मापदंडावर मिळतं. त्याच्या बाबतीत मान्य खर्च एक लाख धरला गेला. म्हणजे पंचावन्न हजार एका खिशातून आणि पंचवीस हजार दुसऱ्या खिशातून यायचे. पंचावन्न आले. पोर्टलवर अर्जाची स्थिती ‘वितरित’ झाली. आता तो विचारायला गेला की समोरचा माणूस स्क्रीन वळवून दाखवतो आणि म्हणतो, तुमचं तर झालंय. त्या माणसाचीही फार चूक नाही, त्यालाही तेवढंच दिसतं. शेतकऱ्याने उरलेले पंचवीस हजार शेकडा दोनने उचलले होते. महिन्याला पाचशे व्याज, चौदा महिन्यांचे सात हजार. ऐंशी हजारांच्या अनुदानातले सात हजार असेच गेले.

सरकारी पत्रव्यवहारातला ‘निधी उपलब्धतेनुसार’ हा शब्दप्रयोग वादाचा आहे. अशा तक्रारींना बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, ‘निधी उपलब्ध होताच अदा करण्यात येईल’, आणि तक्रार निकाली निघते. हे कारण आहे की नुसतं वेळेबद्दलचं आश्वासन? प्रशासनाची बाजू अशी की पूर्वसंमती म्हणजे पैसे देण्याची हमी नव्हे आणि तरतुदीबाहेर बिल काढता येत नाही. नियमाने ते बरोबर आहे. पण पूर्वसंमती मिळाली की शेतकऱ्याला ठरावीक मुदतीत, सहसा तीस दिवसांत, संच बसवून बिल चढवावं लागतं, नाही तर ती रद्द होऊ शकते. एका पक्षाला तारीख आहे आणि दुसऱ्याला ‘उपलब्धता’. शिवाय मोका तपासणी फेब्रुवारीत झाली आणि बिल ३१ मार्चआधी कोषागारातून निघालं नाही, तर त्या वर्षाचा अखर्चित निधी परत जातो. मग नव्या वर्षाच्या वाटपाची वाट पाहायची. असं असेल तर ‘निधी नाही’ हे अर्धंच कारण ठरतं. उरलेलं अर्धं असं की फाइल वेळेत पुढे गेली नाही, आणि ते लिहून द्यायला कोणी तयार नसतं.

पैसे निघूनही न पोहोचण्याचं आणखी एक कारण असतं, त्यावर थोडक्यात. ‘आधार लिंक आहे’ असं बँक सांगते तेव्हा बहुधा खात्यावर आधार नोंदलेला आहे एवढाच अर्थ असतो. थेट लाभाची रक्कम मात्र आधार क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. सिमकार्ड घेताना उघडलं गेलेलं, विसरून गेलेलं पेमेंट बँकेचं खातं असं कितीतरी जणांना सापडलं आहे. पत्र लिहिण्याआधी या शेतकऱ्याने ते तपासून घेतलं आणि छापील उतारा पत्राला जोडला. शहाणपणाचं काम, कारण पहिलं बोट तिकडेच दाखवलं जातं.

तक्रारीच्या वाटा गेल्या दहा वर्षांत बऱ्याच झाल्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपिलं आहेत, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडही आहे. पण तो कायदा फक्त अधिसूचित सेवांना लागू होतो. म्हणून ज्या सेवेबद्दल तक्रार आहे ती यादीत आहे का, हे आधी बघावं लागतं. ऑनलाइन तक्रारीत मजकुरापेक्षा विषयाचा रकाना भारी पडतो. ‘अनुदान मिळाले नाही’ असं निवडलं की तपासणारा पोर्टल उघडतो, ‘वितरित’ वाचतो आणि तक्रार बंद करतो. या शेतकऱ्याची पहिली तक्रार अशीच बंद झाली.

म्हणून मग लिहिलेल्या या दीड पानाच्या पत्रात त्याने नुसता ‘अनुदान’ हा शब्द टाळला. विषयात लिहिलं, ‘पूरक अनुदानाच्या २५ टक्के रकमेबाबत’. खाली तीन गोष्टी मागितल्या: त्या रकमेचं देयक तालुक्यातून वर कोणत्या जावक क्रमांकाने व तारखेला गेलं, कोणत्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीत ते धरलं आहे, आणि त्याच्याआधीच्या व नंतरच्या अर्जांना पूरक रक्कम मिळाली आहे का. हेच तीन प्रश्न त्याने वेगळ्या कागदावर माहिती अधिकारातही टाकले आहेत. तिथे उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.