मुलांसाठी मलमल की घट्ट विणीचं कापड?

समुद्रावर किंवा उन्हाळी सहलीला जाताना आपण मुलांना पांढरा मलमलचा सदरा घालतो आणि उन्हाची काळजी मिटली असं समजतो. मलमल गार वाटते हे खरंच, पण कातडी भाजते ती अतिनील किरणांनी आणि ते किरण विरळ विणीतून सहज आत येतात. गारवा आणि संरक्षण हे दोन वेगळे गुण आहेत.

कापडाचं संरक्षण UPF या आकड्यात मोजतात. UPF 50 म्हणजे पन्नासातला एकच भाग, म्हणजे 2 टक्के किरण आत येतात. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा साधारण 5 ते 7 असतो आणि ओला झाल्यावर तो 3 च्या आसपास उतरतो.

समजा, चार वर्षांची मुलगी काशीदच्या किनाऱ्यावर सकाळी दहाला पाण्यात उतरली. सदरा लगेच भिजून अंगाला चिकटला की जवळजवळ एक तृतीयांश किरण थेट खांद्यांवर पडणार. तिथे लांब बाह्यांचा, गडद रंगाचा पॉलिएस्टरचा स्विम टी-शर्टच हवा. पॉलिएस्टर हे किरण सुतापेक्षा जास्त शोषतं. मात्र तो अंगाला ताणून बसेल इतका लहान घेऊ नका, कारण ताणलं की वीण उघडते.

कोरड्या सहलीला, गडावर वगैरे, मी पॉलिएस्टर सुचवणार नाही. त्यात मुलं घामाघूम होतात. तिथे पूर्ण बाह्यांचा, सैल, रंगीत पॉपलिनचा शर्ट उत्तम. मलमल सावलीसाठी आणि झोपण्यासाठी ठेवा.

दुकानात पारख सोपी आहे. कापडाच्या आत हात घालून उजेडासमोर धरा. बोटं स्पष्ट दिसली तर ती चाळणी समजा. घरचा कपडा असेल तर ओला करूनही बघा. हा अंदाजच आहे, पण लेबल नसेल तेव्हा उपयोगी पडतो.

टोपीलाही हीच कसोटी. क्रोशाची जाळीदार टोपी गोंडस दिसते, पण भोकांतून ऊन आत जातं. क्रिकेट कॅप कान आणि मान उघडी ठेवते. लहान मुलाला चारही बाजूंनी निदान 5 सेंटीमीटर काठाची टोपी घ्या, मोठ्या मुलाला 6. बाबागाडीत पाठ टेकून बसणाऱ्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी. कडक काठ मागून ढकलला जातो आणि टोपी डोळ्यांवर येते. त्याला मऊ काठ किंवा मानेवर झालर असलेली टोपी बरी. हनुवटीखालचा बंद ओढल्यावर सुटणारा असावा, नाहीतर घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसू शकतो.

वाळू आणि पाण्याचा फेस खालूनही किरण परत फेकतात, तिथे टोपीचा काठ उपयोगाचा नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आतलं बाळ टोपी घालूनही उन्हात नेऊ नका. त्याला सावलीतच ठेवा.