गावठी कुत्रा 'मिक्स' नसतो: दुग्माची गोष्ट आणि त्याच्या मागचापुढचा इतिहास

रस्त्यावरचा कुत्रा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'मिक्स', म्हणजे चार जातींची सरमिसळ होऊन उरलेलं काहीतरी. हे साफ उलटं आहे. आपण ज्यांना आज ब्रीड म्हणतो, म्हणजे ठरलेला रंग, ठरलेलं नाक, वंशावळीचं रजिस्टर, तो प्रकार फार जुना नाही, अशी रजिस्टरं ठेवणारा इंग्लंडमधला केनेल क्लबच मुळी 1873 चा. त्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणसाच्या वस्तीभोवती मोकळे फिरणारे, आपलं जोडीदार आपण निवडणारे कुत्रे होतेच की. आफ्रिकेतला बसेंजी, ऑस्ट्रेलियातला डिंगो, आपल्याकडचा गावठी, यांच्याकडे नीट बघा, उभे कान, आखूड केस, सडपातळ पोट, बऱ्याच जणांचा तांबूस नाहीतर पिवळसर रंग, कोणी ठरवून न घडवताही साचा सारखाच.

2015 साली 38 देशांतल्या 549 गावकुत्र्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात भारत, व्हिएतनाम, इजिप्त इथल्या गावकुत्र्यांमध्ये युरोपियन जातींची भेसळ अगदी कमी निघाली. दक्षिण अमेरिका आणि पॅसिफिक बेटांवरचे मात्र जवळजवळ पूर्णपणे युरोपियन कुत्र्यांचेच वंशज निघाले, म्हणजे मोकळा फिरतो म्हणून प्रत्येक कुत्रा मूळचाच असं नाही, शहरात तर कोणीतरी सोडून दिलेल्या लॅब्राडोरची पिल्लंही भेटतात.

आता मुद्दा असा की असा कुत्रा घरात राहू शकतो का. याचं उत्तर शोधायचा एक पद्धतशीर प्रयत्न 1930 च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये झाला आणि मला ही गोष्ट प्रत्येकाला सांगावीशी वाटते. रुडॉल्फिना मेंझेल या ऑस्ट्रियातून तिथे गेलेल्या श्वानतज्ज्ञ बाई. हगाना या ज्यू संघटनेला आडबाजूच्या वस्त्यांसाठी राखणीचे कुत्रे हवे होते, ते काम बाईंकडे आलं आणि लगेच लक्षात आलं की युरोपातून आणलेले कुत्रे तिथल्या उन्हात टिकत नाहीत, धापा टाकतात, आजारी पडतात, आणि त्याच उन्हात बेदूइन या वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या तंबूंभोवती फिरणारे कुत्रे मात्र मजेत आहेत. मग त्यांनी तेच घ्यायचं ठरवलं.

काही पिल्लं उचलून आणली, काही मोठे कुत्रे हळूहळू खायला घालून जवळ केले. त्यातला पहिला मोठा कुत्रा म्हणजे दुग्मा. हिब्रूत या शब्दाचा अर्थ 'नमुना'. त्याला जवळ आणायला बाईंना तब्बल सहा महिने लागले! रोज खाणं ठेवायचं, लांब थांबायचं, तो येणार, बघणार, परत जाणार. पण एकदा विश्वास बसल्यावर पुढच्या काही आठवड्यांत तोच दुग्मा त्यांच्याबरोबर शहरात जायला लागला, बसमध्ये बसायला लागला. मला यातला सहा महिने आणि काही आठवडे हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण शिकायला त्याला वेळ लागलाच नाही, सगळा वेळ गेला तो या माणसापासून धोका नाही हे स्वतः तपासून घेण्यात.

पुढे बाईंनी यांच्यातूनच पैदास केली, राखणीला शिकवले, दुसऱ्या महायुद्धात सुरुंग हुंगायलाही शिकवले, आणि 1966 मध्ये 'कनान डॉग' या नावाने जागतिक श्वान संघटनेची मान्यता मिळाली. कालपर्यंत उकिरड्यावर फिरणारा कुत्रा रजिस्टरमध्ये आला.

आता काटकपणाबद्दल. 'गावठी कुत्रा आजारीच पडत नाही' हे आपण सर्रास ऐकतो, तर हा काटकपणा येतो कुठून ते बघू. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या 95 वेतांमधल्या 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं आणि त्यातली साधारण 19 टक्केच सात महिन्यांपर्यंत, म्हणजे स्वतः विण्याच्या वयापर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळे गेली, गाडीखाली, मारून, विष घालून किंवा उचलून नेल्यामुळे. म्हणजे आपल्याला दिसणारा तो तगडा कुत्रा हा पाचातला एक, बाकीचे चार आपल्याला दिसलेच नाहीत. ही चाळणी पिढ्यानपिढ्या चालू आहे, त्यामुळे चपट्या नाकाचा श्वासाचा त्रास किंवा जन्मतःच बिघडलेला खुबा असली दुखणी यांच्यात फार टिकत नाहीत, जोडीदारही रक्तातला नसल्यामुळे दोष साठत नाहीत. पण पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांच्यापुढे हा काटकपणा काही कामाचा नाही, रस्त्यावरची कितीतरी पिल्लं अशाच रोगांनी जातात. म्हणून 'गावठी आहे, लस कशाला' म्हणणाऱ्यांवर मला खरंच राग येतो, लस तितकीच लागते, गोचीड ताप तितकाच जीव घेतो.

हुशारीचंही तसंच. त्याच संस्थेच्या एका प्रयोगात रस्त्यावरच्या, कधीच न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून माणसाने एकाकडे बोट दाखवलं, तर साधारण निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत, पण जे आले त्यातले सुमारे 80 टक्के बरोबर भांड्याकडे गेले. हे वाचलं तेव्हा मला परत दुग्माच आठवला, जवळ यायलाच वेळ, समजायला नाही. आमची गावठी कुत्री आज सात वर्षांची आहे, अजूनही जेवताना दोन घास खाऊन मान वर करते, दाराकडे बघते, मग तिसरा घास. 'बस' म्हटलं की पहिल्यांदा बसते, पाचव्यांदा तेच विनाकारण म्हटलं तर माझ्याकडे बघून निघून जाते. याला लोक हट्टीपणा म्हणतात, पण तिला कळलेलं असतं, फक्त उगाचच्या कामात तिला रस नसतो, म्हणून शिकवणं पाच-पाच मिनिटांचं ठेवावं लागतं.

मग घरासाठी कसा? इथे वय सगळ्यात जास्त बोलतं. 1961 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, पिल्लांना कुंपणाच्या मैदानात माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढवलं, काहींना मधल्या एखाद्या आठवड्यात माणसांत आणलं. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती पिल्लं रानटीच राहिली, पाचव्या ते नवव्या आठवड्यात भेटलेली मात्र सहज माणसाळली. गावठीला हे जास्तच लागू, कारण सावधपणा त्याच्या रक्तात आहे. दीड-दोन महिन्यांचं, आईचं दूध सुटलेलं पिल्लू आणलं आणि पुढचा दीड महिना त्याला लहान मुलं, म्हातारी माणसं, कुकरची शिट्टी, जिना, गाडी हे सगळं न घाबरवता दाखवलं तर ते घरातल्या सगळ्यांशी छान राहतं. तरी परक्या माणसावर भुंकणार, गेट उघडं दिसलं की फेरी मारून येणार, ते गृहीतच धरा, शतकानुशतकं वस्तीची राखण करूनच त्याला भाकरी मिळालीये.

मोठा कुत्रा आणलात तर पहिले काही दिवस तो पलंगाखाली बसेल, तुमच्यासमोर खाणार नाही, रात्री कोणी नसताना वाटी रिकामी होईल. ओढून बाहेर काढू नका, वाटी रोज त्याच वेळी त्याच जागी ठेवा आणि लांब बसा. एक दिवस तुम्ही खोलीत असताना तो खायला येईल, आणि खाताना तुमच्याकडे पाठ करेल. पाठ केली म्हणजे जमलं.