बेरीज चुकली असेल तर पुनर्मूल्यांकन मागायचं की गुणपडताळणी?

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या खिडक्यांवर एकाच मजकुराची पत्रं येऊन पडतात: ‘मला भौतिकशास्त्रात अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले, बेरीज चुकली असावी, कृपया पुनर्मूल्यांकन करावे.’ यात गोंधळ असा की तक्रार बेरजेची आहे आणि मागणी भलत्याच गोष्टीची.

गुणपडताळणीत उत्तर बरोबर की चूक हे कोणी पुन्हा वाचत नाही. प्रत्येक उत्तराला गुण दिलेत का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरलेत का, बेरीज जुळते का, एवढंच पाहतात. राज्य मंडळाचं शुल्क अलीकडच्या वर्षांत दर विषयाला ५० रुपये आहे. पुनर्मूल्यांकनात उत्तरंच पुन्हा तपासली जातात आणि त्याला दर विषयी ३०० रुपये लागतात. शिवाय ते थेट मागता येत नाही. आधी ४०० रुपये भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यायची आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. कळव्याच्या एका विद्यार्थिनीला भौतिकशास्त्रात १०० पैकी ७१ गुण आहेत. गुणपत्रिकेत लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून एकच आकडा असतो, त्यामुळे घोळ कुठे झाला हे त्यावरून कळणार नाही. छायाप्रत आल्यावर ती ७० गुणांच्या लेखी पेपरची बेरीज मांडते: बहुपर्यायी प्रश्नांचे ८, एका वाक्याच्या उत्तरांचे ६, दोन गुणांच्या प्रश्नांचे १३, तीन गुणांच्या प्रश्नांचे १७ आणि चार गुणांच्या प्रश्नांचे ९. एककांची बेरीज ३३, म्हणजे हातचे तीन. परीक्षकाने हातचे दोनच घेतले, म्हणून मुखपृष्ठावर ५३ ऐवजी ४३ आले. प्रात्यक्षिकाचे २८ धरले तर ७१ चे ८१ व्हायला हवेत.

इथे एकाही उत्तराबद्दल वाद नाही. काम गुणपडताळणीचं आहे, आणि अडचण तारखांची आहे. गुणपडताळणीच्या अर्जाची मुदत निकालानंतर साधारण दोन आठवड्यांची असते, छायाप्रत बऱ्याचदा त्यानंतर हाती पडते. म्हणून बेरजेचा खरोखर संशय असेल तर गुणपडताळणी आणि छायाप्रत यांचे ऑनलाइन अर्ज एकाच वेळी भरून टाकावेत. पन्नास रुपये वाचवण्यासाठी थांबणं महागात पडतं. मुदत हुकली असेल तर छायाप्रतीनंतरच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासोबत बेरजेची चूक आकड्यांनिशी लिहून द्यावी.

पत्र लिहिण्याआधी एक खात्री करावी. तीन गुणांच्या विभागात बारापैकी आठ प्रश्न सोडवायचे असतात. नऊ सोडवले असतील तर जादा प्रश्नाचे गुण धरत नाहीत. त्यामुळे सगळे लाल आकडे मिळवून आपली बेरीज मोठी आली म्हणजे परीक्षक चुकला असं होत नाही. उलट पुरवणीतल्या उत्तराचे गुण मुखपृष्ठाच्या तक्त्यात आलेच नसतील, तर ती खरी चूक. विषयशिक्षकांना छायाप्रत दाखवली तर हा फरक ते दहा मिनिटांत सांगतात.

पत्र प्राचार्यांमार्फत, वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाच्या विभागीय सचिवांच्या नावे लिहावं. गाभा असा असू द्या:

‘विषय: भौतिकशास्त्र (५४) च्या उत्तरपत्रिकेतील गुणांची बेरीज दुरुस्त करण्याबाबत.

महोदय, माझा बैठक क्रमांक ____ आहे. छायाप्रतीनुसार विभागवार गुण ८, ६, १३, १७ व ९ असून त्यांची बेरीज ५३ होते. मुखपृष्ठावर ४३ नोंदवले आहेत. उत्तरांना दिलेल्या गुणांबाबत माझी हरकत नाही. कृपया बेरीज तपासून सुधारित गुण कळवावेत. सोबत: छायाप्रतीचे संबंधित पान, गुणपत्रिकेची प्रत, शुल्क भरल्याची पावती.’

‘हरकत नाही’ हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटतं, पण अर्ज कोणत्या टेबलावर जायला हवा हे तेच सांगतं. ‘मी खूप अभ्यास केला होता’, ‘चाचणी परीक्षेत ६२ होते’ हे मजकूर मात्र काढून टाका. पडताळणी करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

तक्रार खरोखर उत्तराची असेल, म्हणजे समीकरण आणि उत्तर बरोबर असून चारपैकी एकच गुण मिळाला असेल, तर पत्राचा सूर बदलतो. तिथे प्रश्न क्रमांक, मिळालेले गुण आणि पाठ्यपुस्तकातला आधार द्यावा लागतो, आणि तेच पुनर्मूल्यांकन. दोन्ही तक्रारी असतील तर दोन स्वतंत्र परिच्छेद करावेत, नाहीतर बेरजेचा मुद्दा उत्तरांच्या वादात बुडतो.

अर्ज ऑनलाइन भरला तरी पत्राची दुसरी प्रत न्यावी आणि कॉलेजचा आवक शिक्का तारखेसह मारून घ्यावा. पाच दिवसांच्या मुदतीवर वाद झालाच, तर ही तारीख कामी येते.