पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून: आयडेम्पोटन्सी कीची पार्श्वभूमी

दुकानाच्या सर्व्हरने पेमेंट कंपनीला 1,450 रुपयांची रिक्वेस्ट पाठवली. तिकडे कार्डावरून पैसे कापले गेले, पण उत्तर परतताना कनेक्शन तुटलं. दुकानाच्या सर्व्हरला 30 सेकंदांनी फक्त टाइमआउट दिसला. रिक्वेस्ट वाटेत हरवली असती, तरीही त्याला हेच दिसलं असतं. पुन्हा पाठवावं तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावं तर ऑर्डर लटकलेली. आज या पेचावर उत्तर म्हणून आयडेम्पोटन्सी की वापरतात, म्हणजे मागणीला दिलेला असा खास नंबर की तीच मागणी पुन्हा आली तर ओळखता येते. ती रुळायला बरीच वर्षं लागली.

असा निरोप खात्रीने पोचवता येत नाही, ही गोष्ट 1975 पासून संगणकशास्त्रात मांडलेली आहे. जिम ग्रे यांनी 1978 मध्ये तिला दोन सेनापतींच्या कोड्याचं नाव दिलं. निरोप हरवू शकत असेल तर पोचही हरवू शकते, आणि पोचेची पोचही. मग नेटवर्कवर डेटा पोचवणारं टीसीपी काय करतं, असा प्रश्न साहजिक आहे. डुप्लिकेट पॅकेट ते गाळतं, पण एका कनेक्शनच्या आतच. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी 1984 मध्ये नेमकं हेच दाखवलं. प्रोग्रामने स्वतःच दुसऱ्यांदा पाठवलेली मागणी खालच्या थराला नवी कोरीच वाटते, त्यामुळे ती ओळखायचं काम दोन्ही टोकांच्या प्रोग्रामांनीच करायला हवं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा हाच आहे: मागणीला नंबर कोण देतं आणि कधी देतं.

कागदी व्यवहारात हा नंबर आधीपासूनच होता. चेकवर क्रमांक छापलेला असतो, आणि एकदा वटलेला चेक पुन्हा आला तर बँक त्याच क्रमांकावरून तो ओळखते. कार्डांच्या जगात हे काम आयएसओ 8583 या संदेश-मानकाने केलं. त्याची पहिली आवृत्ती 1987 ची. त्यात पैशांची मागणी `0200` या संदेशाने जाते आणि उत्तर `0210` ने येतं. प्रत्येक मागणीवर सहा आकडी ट्रेस नंबर असतो, आणि तो पाठवणारी बाजू ठरवते. सहा आकडे लवकर संपतात, म्हणून एकट्या ट्रेस नंबरावर कोणी विसंबत नाही. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्या संस्थेचा क्रमांक जोडूनच ओळख पटवतात.

उत्तर वेळेत आलं नाही तर या जगातली रीत वेगळी होती. मागणी पुन्हा पाठवण्याऐवजी ती उलटवायची. त्यासाठी `0420` हा रिव्हर्सलचा संदेश जातो. त्यात मूळ मागणीचा ट्रेस नंबर आणि वेळ असते. पोच येईपर्यंत तो रांगेत ठेवून `0421` म्हणून पुन्हापुन्हा पाठवला जातो. रिव्हर्सल कितीही वेळा पोचला तरी बिघडत नाही, कारण एकदा रद्द झालेला व्यवहार आणखी रद्द होत नाही. मला ही रचना फार विचारी वाटते: पुन्हा पाठवायची वेळ येणारच असेल, तर जे पुन्हा पाठवल्याने नुकसान होत नाही तेच पाठवायचं.

वेबवर दुकानं आली तेव्हा ही शिस्त मागे राहिली. एचटीटीपी 1.1 च्या 1997 च्या मानकाने `GET`, `PUT`, `DELETE` या पद्धती पुन्हा पाठवायला निर्धोक मानल्या, पण `POST` नाही. पेमेंट तर `POST` नेच होतं. त्यामुळे ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवायचा का म्हणून विचारू लागले, आणि ‘रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका’ ही पाटी पेमेंटच्या पानावर आली. व्यवस्थेची जबाबदारी ग्राहकाच्या बोटावर टाकली गेली, आणि ते चूकच होतं.

2005 मध्ये मार्क नॉटिंगहॅम यांनी एकदाच चालणाऱ्या `POST` चा मसुदा मांडला. सर्व्हरने एक पत्ता द्यायचा, तिथे पहिली `POST` स्वीकारायची आणि दुसरीला ‘ही पद्धत इथे चालत नाही’ असं सांगणारा `405` द्यायचा. दुहेरी वसुली त्याने टळली असती, पण पहिल्या वेळी कार्ड चाललं की नाकारलं गेलं, हे `405` वरून कळत नाही. तो मसुदा रुजला नाही.

पुढे पेमेंट एपीआयनी जी वाट धरली तिच्यात दोन गोष्टी बदलल्या. नंबर ठरवणं परत मागणी पाठवणाऱ्या बाजूकडे आलं, आणि सर्व्हर पहिलं उत्तर जपून ठेवून तेच परत देऊ लागला. पेपालचा हेडर `PayPal-Request-Id`, स्क्वेअरमध्ये बॉडीतलं `idempotency_key`, तर स्ट्राइपचा हेडर असा:

```
POST /v1/charges
Idempotency-Key: 7f9c2b1e-4d0a-4c55-9a3e-0b6d1f2e8c11
```

स्ट्राइपचं नाव सर्वाधिक पसरलं. 2021 मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या कार्यगटाने याच नावाच्या हेडरचा मसुदा हाती घेतला. की नसेल तर `400`, पहिली रिक्वेस्ट अजून चालू असेल तर `409`, तीच की पण मजकूर वेगळा असेल तर `422`, असे संकेत त्यात आहेत.

आता 1,450 रुपयांकडे परत जाऊ. पेमेंट कंपनीच्या सर्व्हरने बँकेकडे वळण्याआधी कीची नोंद करून ती कमिट केलेली असली पाहिजे:

```sql
INSERT INTO payment_keys
  (merchant_id, idem_key, body_hash, state)
VALUES ($1, $2, $3, 'started')
ON CONFLICT (merchant_id, idem_key) DO NOTHING;
```

ओळ घातली गेली तर ही पहिली रिक्वेस्ट. नाही घातली गेली, तर जुनी ओळ वाचायची. `body_hash`, म्हणजे मजकुराचा ठसा, वेगळा असेल तर नकार, काम पूर्ण झालं असेल तर साठवलेलं उत्तर, नाहीतर `409`. आधी ओळ शोधायची आणि मिळाली नाही तर घालायची, असं दोन पायऱ्यांत केलं की एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्ट दोन्ही पार होतात. युनिक इंडेक्सशिवाय हे काम होत नाही.

नेहमीची चूक मात्र पाठवणाऱ्याकडे होते. की रिट्रायच्या लूपच्या आत बनवली तर प्रत्येक प्रयत्नाला नवी की मिळते आणि संरक्षण शून्य. ती ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबलं तेव्हा एकदाच बनवून ऑर्डरसोबत डेटाबेसमध्ये ठेवायची, म्हणजे प्रोसेस बंद पडून पुन्हा सुरू झाली तरी तीच सापडते. उलट, कार्ड नाकारलं गेलं आणि ग्राहकाने दुसरं कार्ड दिलं, तर तो नवा प्रयत्न आहे आणि त्याला नवी कीच हवी. जुनी की वापरली तर मजकूर बदललेला पाहून सर्व्हर रिक्वेस्ट फेटाळेल.

काही मर्यादा उरतातच. बँकेला मागणी गेली आणि `'started'` च्या पुढची नोंद होण्याआधीच सर्व्हर कोसळला, तर ती ओळ तशीच अडकते. अशा ओळींसाठी वेगळं काम लावून बँकेकडे संदर्भ क्रमांकाने स्थिती विचारावी लागते, आणि तो क्रमांकही मागणीआधीच जपलेला असावा लागतो. दुसरी मर्यादा मुदतीची. स्ट्राइप किमान 24 तास झाल्यावर की काढून टाकू शकते. त्यामुळे दोन दिवसांनी जुनी रांग पुन्हा चालवणाऱ्याने कीवर न विसंबता आधी व्यवहाराची स्थिती तपासावी.

आपल्या व्यवस्थेत गळती आहे का, हे एका क्वेरीत कळतं: तोच ऑर्डर क्रमांक, तीच रक्कम, दोन यशस्वी वसुल्या आणि दोन वेगळ्या की. अशी जोडी सापडली तर आधी ग्राहकाला रिफंड द्यावा आणि मग की कुठे बनते ती ओळ कोडमध्ये शोधावी.